शनीनंतर रवी कसा आला? वारांचा क्रम स्वतः मांडून पाहा

नागपुरात वारांची नावं पत्त्यात येतात. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, सोमवारी क्वार्टर. त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून वस्त्यांची नावं पडत गेली. वारांना ग्रहांची नावं आहेत, एवढं शाळकरी पोरही सांगतं. पण पुढचा प्रश्न विचारला की घरातली मोठी माणसंही थांबतात: हाच क्रम का? रवीनंतर चंद्र, मग मंगळ, मग बुध. हा क्रम ग्रहांच्या आकाराचा नाही, तेजाचा नाही आणि सूर्यापासूनच्या अंतराचाही नाही. मग आला कुठून?

याचं उत्तर पाठ करण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहावं. अर्ध्या तासात आठवड्याचा सगळा क्रम तुमच्या हातून बाहेर पडतो, आणि पंचांगातलं होऱ्याचं कोष्टक कशासाठी असतं तेही समजतं.

पायरी पहिली: सातांना वेगानं रांगेत लावा

दुर्बिणीशिवाय दिसणारे आणि ताऱ्यांमधून जागा बदलणारे गोल सातच आहेत: सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. राहू-केतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते या हिशोबात नाहीत. युरेनस, नेपच्यून फार नंतर सापडले.

या सातांना सगळ्यात संथ ते सगळ्यात वेगवान असं लावायचं आहे. त्यासाठी लागणारी माहिती मराठी माणसाच्या बोलण्यातच आहे. साडेसाती साडेसात वर्षांची असते, कारण शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो आणि साडेसाती तीन राशींची असते. बारा राशी म्हणजे तीस वर्षं. नेमका आकडा साडेएकोणतीसच्या आसपास. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, कारण गुरूला पुन्हा सिंह राशीत यायला जवळपास तेवढा काळ लागतो. मंगळाची फेरी 687 दिवसांची, म्हणजे दोन वर्षांच्या थोडी आत. सूर्याची एक वर्षाची. चंद्र सगळ्यात चपळ: रोज साधारण एक नक्षत्र, सत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रं.

अडचण येते ती बुध-शुक्राशी. हे दोघे सूर्याला सोडून दूर जात नाहीत. शुक्र जास्तीत जास्त 47 अंश, बुध 28 अंश, आणि मग परत सूर्याकडे. त्यामुळे पृथ्वीवरून पाहिलं तर दोघांची राशीचक्रातली सरासरी फेरी सूर्याइतकीच, एका वर्षाची भरते. फेरीच्या काळावरून या तिघांत पुढे-मागे ठरवता येत नाही, आणि जुन्या ग्रीकांतही याबद्दल एकमत नव्हतं. प्लेटोनं सूर्याला चंद्राच्या लगेच पलीकडे बसवलं होतं. पुढे जो क्रम रूढ झाला त्यात या दोघांचं सूर्याभोवतीचं झुलणं धरलं आहे. बुध संध्याकाळी दिसून मावळला की साधारण 116 दिवसांत पुन्हा त्याच ठिकाणी येतो. शुक्राला त्यासाठी 584 दिवस लागतात. म्हणजे बुध जास्त चपळ. शुक्र सूर्याच्या बाजूला आणि बुध चंद्राच्या बाजूला, असं ठरलं.

आता कागदावर एका ओळीत लिहा:

शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र.

हीच ओळ आर्यभटानं इ.स. 499 च्या सुमारास दिली आहे: नक्षत्रांच्या खाली शनी, त्याखाली गुरू, असं उतरत शेवटी चंद्र आणि त्याखाली पृथ्वी. वारांचा क्रम अजून आलेला नाही, हे लक्षात घ्या. शनीनंतर इथे गुरू आहे, रवी नाही.

हा वेग आकाशात स्वतः पाहायचा असेल तर चंद्रापासून सुरुवात करा. एखाद्या रात्री तो रोहिणीसारख्या ठळक ताऱ्याजवळ असेल तेव्हा दोघांमधलं अंतर नीट बघून ठेवा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चंद्र त्या ताऱ्यापासून मुठीपेक्षा थोडा जास्त, सुमारे तेरा अंश, पूर्वेकडे सरकलेला दिसेल. शनीसाठी वर्षभर धीर धरावा लागतो. वर्षात तो फक्त बारा अंश सरकतो, आणि मधले काही महिने वक्री होऊन उलटाही जातो. दर आठवड्याला पाहणाऱ्याचा गोंधळ ठरलेला. म्हणून आज शेजारचा तारा टिपून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेच्या आसपास पाहायचं. नागपुरात जून ते सप्टेंबर ढग असतात आणि शहराचा उजेड अंधुक तारे गिळतो. रामटेकच्या बाजूला थोडं बाहेर पडलं तर काम सोपं होतं. गुरूचं मात्र शहरातल्या गच्चीवरूनही जमतं. तो वर्षात जवळपास एक पूर्ण रास ओलांडतो, त्यामुळे फरक चटकन कळतो.

पायरी दुसरी: दिवसाचे चोवीस तुकडे करा

दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करण्याची पद्धत इजिप्तची. हे चोवीस भाग म्हणजे आपल्या पंचांगातले होरे. प्रत्येक होऱ्याला एक ग्रह स्वामी, आणि त्यांचा क्रम वर लिहिलेल्या ओळीचाच: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, की पुन्हा शनी. ज्याचा पहिला होरा, त्याच्या नावाचा तो सगळा दिवस. नियम एवढाच आहे.

पायरी तिसरी: वाटप करा

पत्ते वाटावेत तसे चोवीस होरे सात जणांत वाटायचे. शनीपासून सुरू करा. सात होऱ्यांत एक फेरी, एकवीस होऱ्यांत तीन फेऱ्या पूर्ण. बाविसावा होरा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा ओळीत पुढे जो उभा आहे त्याचा, म्हणजे रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार.

चोवीसला सातनं भागलं की बाकी तीन उरते. त्यामुळे रोज ओळीतले तीन जण खर्ची पडतात आणि चौथा नव्या दिवसाचा मालक होतो. आर्यभटानं हे अर्ध्या श्लोकात सांगितलं आहे: «शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद्दिनपाः». वाढत्या वेगाच्या क्रमानं चौथा चौथा, आणि दिवस सूर्योदयापासून. सूर्यसिद्धान्तही हाच नियम देतो.

चौथा मोजताना सुरुवातीचा ग्रह धरून मोजायचं. शनी एक, गुरू दोन, मंगळ तीन, रवी चार. रवीपासून: रवी, शुक्र, बुध, चंद्र; सोमवार आला. चंद्रापासून: चंद्र, शनी, गुरू, मंगळ. मंगळापासून बुध, बुधापासून गुरू, गुरूपासून शुक्र, शुक्रापासून परत शनी. सातही वार सापडले, एकही दोनदा आला नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात आणि दोन्ही उत्तरावरूनच ओळखू येतात. सुरुवातीचा ग्रह न धरता चौथा मोजला तर शनीवरून थेट शुक्रावर जाल आणि आठवडा उलटा, शनी-शुक्र-गुरू-बुध असा चालू लागेल. ओळ उलटी, म्हणजे चंद्र पहिला लिहिला तरी तेच होतं: सोमवारनंतर रविवार येतो. आठवडा मागे चालताना दिसला की या दोनांपैकी एक चूक झाली आहे असं समजा. ग्रह वर्तुळावर मांडून प्रत्येकाकडून चौथ्याकडे रेघ ओढली तर सात टोकांची चांदणी तयार होते. लहान मुलांना हीच रीत पटकन जमते, आणि चूक झाली तर चांदणी सरळ दिशेनं पुढे जात नाही हे त्यांना लगेच दिसतं.

पायरी चौथी: नागपूरच्या एका दिवसावर लावून पाहा

शनिवार, 20 जून 2026 घेऊ. त्या सुमारास नागपुरात सूर्य सकाळी साधारण 5:33 ला उगवतो आणि संध्याकाळी 6:58 ला मावळतो. दिवस 13 तास 25 मिनिटांचा, म्हणजे 805 मिनिटं. बारानं भागा: दिवसाचा एक होरा 67 मिनिटांचा. रात्र 635 मिनिटांची, म्हणून रात्रीचा होरा साधारण 53 मिनिटांचा.

पहिला होरा शनीचा, 5:33 ते 6:40. मग गुरू 7:47 पर्यंत, मंगळ 8:54 पर्यंत, रवी 10:01 पर्यंत, शुक्र 11:08 पर्यंत, बुध सव्वाबारापर्यंत आणि चंद्र दुपारी 1:23 च्या आसपास संपतो. तिथून शनी पुन्हा सुरू. दिवसाचा बारावा होरा शुक्राचा, तो सूर्यास्ताला संपतो. रात्रीचा पहिला बुधाचा. असं करत पहाटे 4:40 ला मंगळाचा होरा सुरू होतो, तो चोविसावा. 5:33 ला सूर्य उगवला की रवीचा पहिला होरा लागतो आणि रविवार सुरू होतो.

डिसेंबरच्या शेवटी हेच गणित केलं तर दिवस 10 तास 50 मिनिटांचाच भरतो आणि दिवसाचा होरा 54 मिनिटांवर येतो. काही जण सोयीसाठी सूर्योदयापासून सरसकट एक तासाचा होरा धरतात. होऱ्यांच्या वेळा त्यामुळे बदलतात, पण संख्या चोवीसच राहते, म्हणून वारांचा क्रम कुठल्याही पद्धतीनं तोच येतो. होरा लांब-आखूड झाल्यानं वार बिघडत नाही. बिघडतो तो होऱ्यांची संख्या बदलली तर.

सूर्योदय मात्र आपल्या गावाचाच घ्या. मुंबईसाठी छापलेलं कोष्टक नागपूरला जसंच्या तसं लावलं तर घोळ होतो. आपण मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहोत, त्यामुळे सूर्य आपल्याकडे आधी उगवतो: डिसेंबरात वीस मिनिटं, जूनमध्ये जवळजवळ अर्धा तास. 20 जूनला मुंबईत सूर्योदय साधारण 6:02 चा. पावणेसहाला नागपुरात जन्मलेल्या बाळाचा वार मुंबईच्या वेळेनं काढला तर शुक्रवार येईल, नागपूरच्या सूर्योदयानं शनिवार. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि घड्याळाचा मध्यरात्री, हा घोळ तर घरोघरी आहे. रविवारी पहाटे तीनला जन्म झाला असेल तर रुग्णालयाच्या कागदावर रविवार आणि पत्रिकेत शनिवार, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पत्रिका करून घेताना गुरुजींना तारीख आणि घड्याळाची वेळ सांगा, वार त्यांना काढू द्या.

पायरी पाचवी: दुसरे तुकडे करून पाहा

आपल्याकडे दिवसाचे चोवीसच तुकडे होते असं नाही. आठ प्रहर होते, तीस मुहूर्त होते, साठ घटी होत्या. मग चोवीसच कशावरून? संथ ते वेगवान हीच ओळ ठेवून प्रत्येकाची बाकी काढा.

आठ प्रहर वाटले तर बाकी एक. रोज पुढचाच ग्रह येईल: शनिवार, गुरुवार, मंगळवार, रविवार. तीस मुहूर्त वाटले तर बाकी दोन, आणि शनीनंतर मंगळ, मग शुक्र, मग चंद्र. साठ घटी वाटल्या तर बाकी चार आणि आठवडा बरोबर उलटा होतो: शनी, शुक्र, गुरू, बुध. या ओळीतून आपला आठवडा चोवीसनंच निघतो.

पण नुसत्या गणितावर इथे विसंबता येत नाही. ओळ उलटी करून, चंद्रापासून सुरू करून साठ घटी वाटल्या तर चंद्रानंतर पाचवा म्हणजे मंगळ येतो, आणि सगळा आठवडा सरळ बाहेर पडतो! उत्तर तेच, रीत वेगळी. रोमन इतिहासकार दिओ कॅसिअस तिसऱ्या शतकात याच प्रश्नावर दोन कारणं देतो: एक चोवीस तासांचं, दुसरं संगीतातल्या चौथ्या सुराच्या अंतराचं. दोन्हींतून हाच क्रम निघतो, आणि ही रीत तो इजिप्शियनांची म्हणून सांगतो. म्हणून होऱ्याच्या बाजूनं खरा पुरावा म्हणजे आर्यभटाचे शब्द. ग्रहांना तो होरेश म्हणतो, मोजणी शनीपासून सुरू करतो आणि वेगाचा क्रम सांगतो. घटीचं नावही घेत नाही.

शनीपासून मोजणीचा आणखी एक माग पाँपेईत सापडतो. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या त्या गावच्या भिंतीवर कुणीतरी वारांची यादी खरडली होती, आणि तिची सुरुवात शनीच्या दिवसानं होते. रविवारला पहिलं स्थान आणि सुटीचा मान नंतर मिळाला. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन यानं इ.स. 321 मध्ये सूर्याचा दिवस विश्रांतीचा ठरवला. सात दिवसांचा गट मात्र ज्यूंकडे स्वतंत्रपणे होता, आणि त्यांचे दिवस विश्रांतीचा शब्बाथ सोडला तर नुसत्या आकड्यांचे: पहिला, दुसरा, तिसरा. ग्रहांचे सात आणि शब्बाथाचे सात रोमच्या साम्राज्यात एकमेकांवर चपखल बसले आणि तो आठवडा सगळीकडे पसरला.

पायरी सहावी: आपल्याकडे वार कधी आला ते शिलालेखात बघा

वेदांगज्योतिषात तिथी आहेत, नक्षत्रं आहेत, पण वार नाहीत. विदर्भातल्या ताम्रपटांतही हेच दिसतं. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. त्या घराण्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेला ताम्रपट घ्या. त्यावर राज्यवर्ष अठरावं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी एवढंच आहे. महिना, पक्ष, तिथी सगळं आहे, वार नाही. पाचव्या शतकातल्या दानपत्राला वार लिहिण्याची गरज वाटली नाही.

आता उत्तरेला मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरणला जा. तिथल्या स्तंभावर गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला लेख आहे: गुप्त वर्ष 165, आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार. वार कोरलेल्या भारतातल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक. गुप्त लेखांवर काम करणाऱ्या फ्लीटसाठी अशा तारखांचं गणित मराठी ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केलं. एरणची तारीख येते 21 जून 484, जुन्या ज्युलियन पद्धतीनं.

ही तारीख तुम्हीही तपासू शकता. रीत अशी: प्रत्येक दिवसाला ओळीनं एक क्रमांक देणारी ज्युलियन दिनांकाची मोजणी खगोलशास्त्रात वापरतात. तीत 21 जून 484 चा क्रमांक 18,98,011 आणि 20 जून 2026 चा 24,61,212. वजाबाकी 5,63,201 दिवस. सातनं भागा: 80,457 आठवडे पूर्ण आणि बाकी दोन. 2026 चा तो दिवस शनिवार आहे. दोन दिवस मागे गेलं की गुरुवार, आणि दगडावरही गुरुवारच आहे. हा क्रमांक संगणकावर काढणार असाल तर 484 साठी ज्युलियन आणि 2026 साठी ग्रेगोरियन पद्धत निवडा. दोन्हीकडे ग्रेगोरियन धरली तर एक दिवसाचा फरक पडतो आणि गुरुवारऐवजी वेगळाच वार येतो.

युरोपात 1582 मध्ये पंचांग दुरुस्त करताना 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर धरला. दहा तारखा गेल्या, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. वारांच्या माळेला धक्का लागला नाही. म्हणूनच वार लिहिलेला लेख इतिहासकाराला हवाहवासा वाटतो. तिथी आणि वार दोन्ही जुळायला लागले की शक्य तारखांतल्या बहुतेक गळून पडतात. एरणच्या बाबतीत तसं झालं. चम्मकच्या ताम्रपटावर फक्त राज्यवर्ष आणि तिथी असल्यामुळे त्याचा नेमका दिवस असा काढता येत नाही. प्रवरसेनाच्या लेखनिकानं एक वार जास्त कोरला असता, तर विदर्भाच्या इतिहासातला निदान एक दिवस तारखेसकट हाती लागला असता.